पंप कंट्रोलरमधले ४८ बाइट

विहिरीवर किंवा बोअरवर मोबाइलने चालू-बंद होणारा स्टार्टर आता गावोगावी दिसतो. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू होते. फेज गेला, पाणी संपलं किंवा मोटर जास्त करंट खाऊ लागली की डबा मोटर स्वतः बंद करतो आणि मालकाला एसएमएस पाठवतो. यातली काही यंत्रं महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतात आणि एखाद्या दिवशी अचानक विचित्र वागतात. पाच हॉर्सपॉवरची मोटर साधारण सात-आठ अँपिअर घेते, पण मालकाला संदेश येतो, 'फेज गेला, करंट ८१९.२ अँपिअर'. कधी डबा नुसताच गोठतो. बंद करून परत चालू केला की पुन्हा शहाण्यासारखा चालतो. मेकॅनिक सेन्सर बदलतो, वायरिंग तपासतो, विजेच्या झटक्याला दोष देतो. पण असा बिघाड बऱ्याचदा तारेत नसतो. तो आतल्या प्रोग्रॅमने मेमरीची जी वाटणी केलेली असते, तिच्यात असतो.

असा एक कंट्रोलर उदाहरण म्हणून उघडून पाहू. आत एसटीएम३२ एफ१०३ ही स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी चिप आहे. तिचा वेग ७२ मेगाहर्ट्‌झ आणि कामाची मेमरी म्हणजे रॅम फक्त २० किलोबाइट. तिच्यावर फ्रीआरटीओएस चालतं. रिचर्ड बॅरी यांनी ते लिहायला घेतलं, २०१७ पासून ते ॲमेझॉनच्या छत्राखाली आहे, आणि ते फुकट मिळतं. आरटीओएस म्हणजे ठरल्या वेळेत काम होण्याची हमी देऊ पाहणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात प्रोग्रॅमची कामं वेगवेगळ्या टास्कमध्ये विभागलेली असतात. प्रोसेसर एकच असतो, पण सिस्टिम तो क्षणाक्षणाला या टास्ककडून त्या टास्ककडे देते, आणि ज्याचा अग्रक्रम वरचा त्याला आधी देते.

आपल्या कंट्रोलरमध्ये दोन टास्क महत्त्वाचे आहेत. पहिला मापनाचा. तो तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट पाहतो, आणि धोका दिसला की रिले सोडून मोटर बंद करतो. त्याचा अग्रक्रम सर्वांत वरचा. दुसरा मोडेमचा. तो जीएसएम मोडेमशी बोलतो आणि एसएमएस पाठवतो. त्याचा अग्रक्रम खालचा, कारण संदेश दोन सेकंद उशिरा गेला तर काही बिघडत नाही, पण मोटर दोन सेकंद उशिरा बंद झाली तर वाइंडिंग जळू शकतं.

मापनाचा टास्क सतत धावत नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तेवढ्या काळातली मापं चिपमधलं हार्डवेअर परस्पर मेमरीत भरतं, आणि भरून झाली की इंटरप्ट देतं. तो इंटरप्ट एक सेमाफोर वर करतो. मापनाचा टास्क त्या सेमाफोरवर झोपलेला असतो, तो जागा होतो, हिशेब करतो आणि पुन्हा झोपतो. सेमाफोरमधून माहिती जात नाही, फक्त 'झालं' एवढी खूण जाते. इथे साधा बायनरी सेमाफोर चालतो, कारण टास्कला फक्त ताजं आवर्तन हवं असतं.

पण याच डब्याला पाण्याचं मीटर जोडलं आणि दर दहा लिटरला एक पल्स येऊ लागली, तर बायनरी सेमाफोर दगा देतो. त्याला शून्य आणि एक एवढंच ठाऊक. टास्क दुसऱ्या कामात असताना तीन पल्स आल्या तर पहिल्या पल्सने सेमाफोर वर होतो, आणि पुढच्या दोन आधीच वर असलेल्या सेमाफोरवर वाया जातात. वीस लिटर पाण्याची नोंदच होत नाही. कोणतीही चूक दिसत नाही, मीटर फक्त कमी दाखवतं. तिथे मोजणारा सेमाफोर, म्हणजे `xSemaphoreCreateCounting`, वापरावा लागतो. घटना घडली एवढंच हवं असेल तर बायनरी, आणि किती वेळा घडली तेही हवं असेल तर मोजणारा.

आता मापनाच्या टास्कला फेज गेल्याची बातमी मोडेमच्या टास्कला द्यायची आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये ती लिहून ठेवणं हा सर्वांत सोपा रस्ता. अनेक जण तो धरतात आणि पस्तावतात. मोडेमच्या टास्कने अर्धी माहिती वाचली असेल तेवढ्यात मापनाचा टास्क मध्ये शिरून ती बदलतो, मग फेज जुन्या घटनेचा आणि करंट नव्या घटनेचा अशी खिचडी हाती येते. म्हणून मध्ये क्यू, म्हणजे रांग ठेवायची. एक घटना आठ बाइटांत मावते:

```c
typedef struct {
    uint8_t  kind;      // घटनेचा प्रकार
    uint8_t  phase;     // कोणता फेज
    uint16_t amps_x10;  // करंट, दहापट करून
    uint32_t tick;      // वेळ
} Event;

QueueHandle_t q = xQueueCreate(20, sizeof(Event));
```

फ्रीआरटीओएसच्या रांगेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती माहितीची नक्कल करून घेते. पाठवणाऱ्याने `xQueueSend` म्हटलं की ते आठ बाइट रांगेच्या स्वतःच्या जागेत उतरवले जातात. पुढच्या क्षणी पाठवणाऱ्याने मूळ व्हेरिएबल पुसलं तरी रांगेतली घटना शाबूत राहते. काही जण जागा आणि वेळ वाचवायला रांगेतून माहितीऐवजी तिचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, पाठवतात. मोठी माहिती असेल तर ते योग्यही आहे. पण तो पत्ता फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलचा असेल तर फंक्शन संपताच त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी राहायला येतं. आठ बाइटांसाठी हा धोका पत्करायचं कारणच नाही.

रांगेत वीस जागा ठेवल्या, त्याचा हिशेब असा. रेंज कमी असताना मोडेम एका संदेशात आठ सेकंद अडकू शकतो असं धरू. वीज ये-जा करते तेव्हा मापनाचा टास्क सेकंदाला दोनपर्यंत घटना टाकतो. आठ गुणिले दोन, सोळा. त्यावर थोडी सवड ठेवून वीस. घेणारा जास्तीत जास्त किती वेळ अडकतो आणि तेवढ्यात देणारा किती टाकतो, या दोन उत्तरांवरच रांगेची लांबी ठरते. तरीही रांग भरली तर काय, हे आधीच ठरवलेलं हवं. मापनाच्या टास्कने जागा होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर मोडेमच्या रेंजपायी मोटरचं संरक्षण अडकून पडेल. म्हणून त्याने थांबण्याची मुदत शून्य द्यावी, रांग भरल्याचं उत्तर आलं तर घटना सोडून द्यावी, आणि सुटलेल्या घटनांचा आकडा मात्र वाढवत राहावा. तो आकडा कधीतरी उपयोगी पडतो.

इथवर सगळं नीट आहे. ८१९.२ अँपिअर मग येतात कुठून? त्यासाठी स्टॅककडे वळावं लागेल.

प्रत्येक टास्कला स्वतःचा स्टॅक असतो. फंक्शनच्या आतली व्हेरिएबल्स, परत कुठे जायचं त्याचे पत्ते, मध्येच थांबवल्यावर जपून ठेवायची रजिस्टर्स, हे सगळं तिथे जातं. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की स्टॅक वाढतो, परत आलं की ओसरतो. मोठ्या संगणकावर स्टॅक कमी पडला तर ऑपरेटिंग सिस्टिम तो वाढवते किंवा त्या एका प्रोग्रॅमला थांबवते. इथे तसं पाहणारं कुणी नाही. टास्क तयार करताना जेवढी जागा दिली तेवढीच, आणि तिच्या कडेला भिंत नाही. टास्क हद्द ओलांडून शेजारच्या जागेत लिहू लागतो, एखादा शेतकरी नांगर चालवता चालवता बांध कोरत जातो तसा. नुकसान दिसतं ते शेजाऱ्याच्या रानात.

जागा देतानाच एक मोठी फसगत होते. `xTaskCreate` मध्ये स्टॅकचा जो आकडा द्यायचा तो मूळ फ्रीआरटीओएसमध्ये बाइटांचा नसून शब्दांचा असतो, आणि या चिपवर एक शब्द चार बाइटांचा. १२८ लिहिलं की ५१२ बाइट मिळतात. एस्प्रेसिफच्या ईएसपी३२ चिपसाठी जी आवृत्ती मिळते तिच्यात मात्र हाच आकडा बाइटांत मोजतात. एका चिपवरचा चालता प्रोग्रॅम दुसरीवर नेला आणि हा आकडा तसाच ठेवला तर टास्कला चौथाई जागा मिळते.

आपल्या मोडेमच्या टास्कला १२८ शब्द, म्हणजे ५१२ बाइट दिलेत असं धरू. रोजच्या कामात तो ठरलेला मजकूर पाठवतो, त्याला यातली निम्मीही जागा लागत नाही. फेज गेल्यावर मात्र तो संदेश जुळवतो. टास्कच्या मूळ फंक्शनला ४० बाइट. संदेश जुळवणाऱ्या फंक्शनला १८४, कारण त्यात एसएमएससाठी १६० अक्षरांची जागा आतच घेतलेली आहे. ते `snprintf` ला बोलावतं, त्याचे २७२ धरू. लायब्ररीतली ही फंक्शनं दिसतात त्याहून खूप खादाड असतात, आणि दशांशातला आकडा छापायला `%f` वापरलं तर भूक आणखी वाढते. बेरीज झाली ४९६. मावलं, सोळा बाइट शिल्लक.

पण नेमक्या त्या क्षणी, `snprintf` च्या तळाशी असताना, २० मिलिसेकंदांचा इंटरप्ट आला तर? या घराण्यातला प्रोसेसर इंटरप्ट येताच आठ रजिस्टर्स, म्हणजे ३२ बाइट, चालू टास्कच्या स्टॅकवर ठेवतो. बेरीज ५२८. त्या इंटरप्टने सेमाफोर वर केला, मापनाचा टास्क जागा झाला, त्याचा अग्रक्रम वरचा, म्हणून मोडेमच्या टास्कला बाजूला सारावं लागलं. तसं करताना फ्रीआरटीओएस उरलेली आठ रजिस्टर्स, आणखी ३२ बाइट, त्याच स्टॅकवर ठेवतं. ५६०. हद्दीबाहेर ४८ बाइट.

बाहेर काय आहे? या प्रोसेसरवर स्टॅक वरून खाली वाढतो. फ्रीआरटीओएसचा नेहमीचा मेमरी वाटप करणारा भाग, `heap_4`, सुरुवातीला खालून वर जागा देत जातो. प्रोग्रॅममध्ये आधी रांग तयार केली आणि लगेच मोडेमचा टास्क, तर मोडेमच्या स्टॅकच्या अगदी खाली रांग येते. मध्ये असतात वाटपाच्या नोंदीचे आठ बाइट. ४८ मधले पहिले आठ या नोंदीवर गेले. ती जागा कधीच परत द्यायची नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. उरलेले ४० बाइट म्हणजे रांगेतल्या शेवटच्या पाच घटना.

त्यातल्या चार जागांवर आता मोडेमच्या टास्कची जपलेली रजिस्टर्स बसली आहेत. रजिस्टरमध्ये बऱ्याचदा रॅममधला एखादा पत्ता असतो, आणि या चिपवर रॅम 0x20000000 पासून सुरू होते. त्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग 0x2000, तो नेमका आपल्या `amps_x10` च्या जागी पडतो. 0x2000 म्हणजे ८१९२. दहाने भागा: ८१९.२ अँपिअर. पहिल्या बाइटमध्ये योगायोगाने फेज गेल्याचा प्रकार जुळून आला की तोच आकडा एसएमएसमध्ये छापला जातो. सेन्सर बदलून हा आकडा जाणार नाही.

उलट बाजूनेही घात होतो. मोडेमचा टास्क बाजूला असताना मापनाच्या टास्कने त्याच जागांवर नवी घटना लिहिली, तर जपलेली रजिस्टर्स बिघडतात. मोडेमचा टास्क परत येतो तो चुकीचे पत्ते घेऊन, आणि प्रोसेसर हार्ड फॉल्टमध्ये जाऊन अडकतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की डबा गोठला.

असा योग जुळायला फेज जायला हवा, `snprintf` च्या तळाशी असतानाचा तो छोटासा अवधी इंटरप्टशी जुळायला हवा, आणि रांगेत बऱ्याच घटना साचलेल्या हव्यात. म्हणून टेबलावरच्या चाचणीत हे सापडत नाही आणि शेतावर महिन्यांनी सापडतं.

हा बिघाड पकडायची सोय फ्रीआरटीओएसमध्ये आहे. टास्क तयार करताना तो सगळा स्टॅक 0xA5 या खुणेने भरता येतो. `configCHECK_FOR_STACK_OVERFLOW` ला 1 दिलं तर टास्क बाजूला सारताना सिस्टिम फक्त एवढं पाहते की त्या क्षणी स्टॅकचं टोक हद्दीत आहे का. 2 दिलं तर ती स्टॅकच्या अगदी शेवटच्या १६ बाइटांतल्या खुणा शाबूत आहेत का ते पाहते. आपल्या उदाहरणात ५६० च्या वेळी दोन्ही पद्धती बोंब मारतील. पण नुसताच इंटरप्ट येऊन गेला, टास्क बदलला नाही, तेव्हा स्टॅक ५२८ पर्यंत जाऊन परत ओसरतो. पुढच्या तपासणीच्या वेळी टोक हद्दीत असतं, म्हणून पहिली पद्धत गप्प बसते. दुसरीला पुसलेल्या खुणा दिसतात. ती किंचित वेळ खाते, पण माझ्या मते विकासाच्या काळात 2 शिवाय दुसरा आकडा ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी पद्धतही सर्वज्ञ नाही. फंक्शनमध्ये मोठी ॲरे असेल आणि ती हद्दीच्या आरपार पसरली असेल, तर मजकूर तिच्या खालच्या टोकापासून, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेतून, लिहायला सुरुवात होते. मजकूर छोटा असेल तर तो खुणांपर्यंत पोचण्याआधीच संपतो. शेजाऱ्याचं नुकसान झालेलं असतं आणि खुणा मात्र जशाच्या तशा. शिवाय तपासणी टास्क बदलतानाच होते, त्याआधीच प्रोसेसर कोसळला तर ती व्हायची वेळच येत नाही.

उल्लंघन सापडलं की सिस्टिम एका ठरावीक फंक्शनला बोलावते. ते आपण लिहायचं:

```c
void vApplicationStackOverflowHook(TaskHandle_t t, char *name)
{
    taskDISABLE_INTERRUPTS();
    motor_off();
    save_fault(name);
    NVIC_SystemReset();
}
```

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोटर बंद, मग नोंद, मग रीसेट. या वेळी मेमरी बिघडलेली आहे हे गृहीत धरायचं. टास्कचं नावसुद्धा खराब झालेलं असू शकतं, म्हणून `save_fault` ने त्या नावाची पहिली काही अक्षरंच घ्यावीत आणि ती रीसेटनंतर टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवावीत. संदेश पाठवायचा मोह इथे टाळावा. त्यालाही स्टॅक लागतो.

पकडण्यापेक्षा मोजणं बरं. `uxTaskGetStackHighWaterMark` हे फंक्शन शेवटाकडून न पुसलेल्या खुणा मोजतं आणि आजवरच्या सर्वांत वाईट वेळी किती शब्द शिल्लक होते ते सांगतं. हाही आकडा शब्दांतच येतो. पण त्यात फक्त घडून गेलेलं दिसतं. दिवसभर साधे संदेश पाठवून हा आकडा पाहिला तर तो निर्धास्त करणारा येईल, कारण फेज गेल्याची वाट कुणी चाललेलंच नसेल. म्हणून आधी फेज काढायचा, रेंज तोडायची, वीज झटपट चालू-बंद करायची, सगळ्यांत लांब संदेश जुळवायला लावायचा, आणि मग आकडा वाचायचा. मोडेमच्या टास्कला २५६ शब्द देऊन ही चाचणी घेतली तर १०२४ मधून ५६० जाऊन ४६४ बाइट, म्हणजे ११६ शब्द शिल्लक दिसायला हवेत. २० किलोबाइटांत वाढीव ५१२ बाइट परवडतात. परवडत नसतील तर १६० अक्षरांची जागा स्टॅकवरून काढून `static` करावी, मात्र ते फंक्शन एकच टास्क वापरत असेल तरच.

जीसीसी कंपायलरला `-fstack-usage` सांगितलं की तो प्रत्येक फंक्शनला किती जागा लागते त्याची फाइल देतो. आपल्या फंक्शनांची बेरीज त्यावरून जमते. आधीच तयार होऊन आलेल्या लायब्ररीचे आकडे त्यात नसतात, आणि स्वतःला पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनचा हिशेब त्यावरून लागत नाही. त्यासाठी मोजणीच हवी.

अंदाज आणि मोजणी यांत किती अंतर पडू शकतं, याची जाहीर नोंद आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या न्यायालयात टोयोटाच्या एका गाडीच्या अपघाताचा खटला चालला. तिथे तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी सांगितलं की इंजिन कंट्रोलरचा स्टॅक वाईट वेळी ४१ टक्के भरतो असं आधीच्या तपासात सांगितलं गेलं होतं, आपल्या विश्लेषणात तो ९४ टक्के निघाला, आणि स्वतःला बोलावणारी फंक्शनं त्यात धरलेलीच नव्हती. कंपनीने गाडीत दोष असल्याचं नाकारलं होतं. ज्यूरीचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला.

आपल्याकडचे स्टार्टर, दूध संकलनाची यंत्रं, विजेची मीटरं बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. `configCHECK_FOR_STACK_OVERFLOW` तुम्ही स्वतः दिलं नाही तर फ्रीआरटीओएस ते 0 धरतं, म्हणजे तपासणी बंद. आज आपली `FreeRTOSConfig.h` उघडा, तिथे 2 लिहा, आणि फेज काढून चाचणी घेतल्याशिवाय डबा शेतावर पाठवू नका.